साठेखताच्या पानापानावर वेगळं नाव, रक्कम आणि मुदत : बरोबर काय धरायचं?

प्रश्न : सांगलीत प्लॉट घेतोय. साठेखताचा 14 पानी मसुदा आलाय. विकणाऱ्याचं नाव पहिल्या पानावर बाळासाहेब रामचंद्र, सातव्या पानावर बाळू रामू. ठरलेली किंमत 42 लाख 50 हजार, पण भरण्याचा तपशील मिळवला तर 41 लाख 50 हजारच होतात. मुदत एकीकडे ‘सहा महिने’, दुसरीकडे ‘31/03/2026’. परवा सह्या आहेत. बरोबर कुठलं धरायचं?

उत्तर :

मी मिरजेत एका वकिलांच्या ऑफिसात दस्त टाइप करण्याचं आणि तपासण्याचं काम करतो. या तीन फरकांची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून तिन्हींना एकच औषध चालणार नाही.

एक गोष्ट आधी डोक्यातून काढा. ‘जास्त पानांवर जे छापलंय ते बरोबर’ असं समजू नका. कुठलाही मसुदा कोऱ्या कागदावरून सुरू होत नाही. मागच्या कुणाच्या तरी दस्ताची फाइल उघडून त्यात नावं आणि आकडे बदलले जातात. चूक पाच वेळा कॉपी झाली तर ती पाच पानांवर दिसते आणि नंतर केलेली दुरुस्ती एकाच पानावर असते. त्यामुळे दोन पानांचं भांडण तिसऱ्या पानावर मिटत नाही. ते दस्ताबाहेरच्या कागदावरच मिटतं : सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, आधार-पॅन, पासबुक.

आता रक्कम. तुमच्या तपशिलात प्रत्येक हप्त्याचा आकडा काय आहे ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून समजा तो असा आहे : चेकने 5,00,000, आरटीजीएसने 3,50,000 आणि खरेदीखताच्या वेळी 33,00,000. बेरीज 41,50,000. इथे बहुतेक जण घाबरून ‘किंमत एक लाखाने चुकली’ म्हणतात आणि मोबदल्याचा आकडाच बदलायला सांगतात. थांबा. साठेखतात सहसा आणखी एक जागा असते, जिथे ‘लिहून देणार’ म्हणजे विकणारा ‘आजअखेर इतके रुपये मिळाले’ अशी कबुली देतो. ते कलम शोधा. तिथे 9,50,000 लिहिलं असेल, तर 9,50,000 आणि बाकी 33,00,000 मिळून बरोबर 42,50,000 होतात. म्हणजे मोबदला ठीक, बाकी ठीक, चूक चेक किंवा आरटीजीएसच्या ओळीत. मग पासबुक उघडा. आरटीजीएस 4,50,000 चा गेलेला दिसला की विषय संपला. त्या ओळीत रक्कम सुधारून तारीख आणि यूटीआर नंबरही घालून घ्या.

पण कबुलीत 8,50,000 असेल आणि पासबुकातून तेवढेच गेले असतील, तर मामला वेगळा. तेव्हा एक तर बाकी 34 लाख असायला हवी किंवा किंमत 41 लाख 50 हजारच ठरली होती. हे पासबुक सांगू शकत नाही. ते दोघांनी आपसात बोलायचं आणि तेही सहीच्या आधी.

‘अंकी-अक्षरीत फरक पडला तर अक्षरी धरतात’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. चेकसारख्या कागदांना कायद्यात तसा नियम आहे. करारात मात्र वाद झाला तर बाकीचा मजकूर आणि व्यवहारही बघितला जातो, तेव्हा त्या भरवशावर फरक ठेवून सही करू नका. अक्षरी रक्कम एकदा मोठ्यानं वाचून घ्या. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ यात टाइप करणाऱ्याचा हात हमखास घसरतो.

मुदतीचा फरक दिसायला किरकोळ, पण मला सगळ्यात जास्त खुपतो तो हाच. समजा सही 15/10/2025 ला झाली. सहा महिने म्हणजे 15/04/2026. दुसऱ्या कलमात 31/03/2026. मधल्या पंधरा दिवसांत तुमचं बँकेचं कर्ज मंजूर झालं, तर विकणारा म्हणणार मुदत संपली, इसार जप्त. तुम्ही म्हणणार संपलेली नाही. शिवाय खरेदीखत करून मिळावं म्हणून दावा लावायची वेळ आली, तर त्यासाठीची तीन वर्षांची मुदत करारात ठरलेल्या तारखेपासून मोजतात, म्हणजे तिथेही हाच घोळ. यावर उपाय असा की मुदत एकाच कलमात पक्क्या तारखेनं लिहायची आणि बाकी सगळीकडे ‘वर कलम अमुकमध्ये नमूद मुदतीत’ एवढंच ठेवायचं. तारीख दोनदा लिहिलीच नाही तर ती दोन प्रकारे चुकणारही नाही.

नावाचं मात्र सावकाश घ्या. आपल्याकडे जुन्या सातबाऱ्यावर बाळू रामू आणि आधारवर बाळासाहेब रामचंद्र असणं नेहमीचंच. माणूस एकच असेल, तर एक नाव खोडून दुसरं घालणं चूक ठरेल, कारण एक नाव जमिनीच्या कागदाला जुळतं आणि दुसरं ओळखपत्राला. मग पक्षकारांच्या वर्णनात ‘बाळासाहेब रामचंद्र उर्फ बाळू रामू’ असं लिहायचं आणि पुढे सगळीकडे फक्त ‘लिहून देणार’. पण माणूस एकच आहे हे तोंडी ऐकून मानू नका. भावकीत त्याच नावाचा चुलतभाऊ निघालेला मी पाहिलाय. ज्या फेरफारानं जमीन त्यांच्या नावावर आली तो फेरफार मागवा, त्यातली वारसांची नावं बघा आणि दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र घ्या. सातव्या पानावरचं नाव या दोन्हींपैकी नसून तिसऱ्याच कुणाचं असतं, तर ते मागच्या गिऱ्हाइकाचं उरलेलं, सरळ काढून टाकायचं.

पानं तपासताना सगळं एकदम वाचू नका. एका फेरीत फक्त नावं, दुसरीत फक्त तारखा, तिसरीत फक्त रकमा, आणि प्रत्येक वेळी पान व कलम नंबर कागदावर टिपायचा. फाइल मागवून शोधायचा विचार असेल तर जपून : अजून बरेच टायपिस्ट जुन्या फॉन्टमध्ये काम करतात, त्यात मराठी शब्द शोधला तर सापडत नाही. 42 शोधलं तर ४२ दिसेलच असंही नाही. शेवटी डोळेच वापरावे लागतात.

दुरुस्ती झाल्यावर एकच पान बदलून घेऊ नका. मजकूर सरकतो आणि दोन पानांच्या सांध्यावरची ओळ गायब होते किंवा दोनदा छापली जाते. पूर्ण संच नव्यानं छापायला सांगा. ऐनवेळी हातानं खाडाखोड करावीच लागली, तर प्रत्येक दुरुस्तीपाशी लिहून देणाऱ्यांची छोटी सही हवी.

दुय्यम निबंधकांकडे एक शेवटची जागा राहते. सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, तुमच्या 14 पानांवरून तयार होत नाही. संगणकात वेगळी भरलेली माहिती तिथे उतरते. त्या भरलेल्या माहितीची प्रिंट मागून नाव, मोबदला आणि मिळकतीचा नंबर दस्ताशी ताडून घ्या, चलनावरची नावंही बघा.

‘आता उरकून घेऊ, नंतर चूक दुरुस्ती दस्त करू’ असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, त्या दस्तालाही सगळ्यांना पुन्हा येऊन सह्या कराव्या लागतात, आणि इसार खिशात पडलेल्या माणसाला कसली घाई नसते. रक्कम आणि मुदत उद्या फोनवरही मिटेल. फेरफार परवापर्यंत हातात आला नाही, तर सह्या चार दिवस पुढे ढकला.