कन्नडमध्ये निरोपाचे चार शब्द: मजकूर आणि उच्चार

प्रश्न: मी मूळची नाशिकची, बंगळूरला नोकरी. आमच्या टीममधले रमेश सर शुक्रवारी कंपनी सोडतायत. चार वर्षं त्यांच्यासोबत काम केलं, रात्री-अपरात्री फोन केला तरी मदत करायचे. जेवणाच्या वेळी ग्लास उंचावून कन्नडमध्ये थोडंसं बोलायचं आहे. कन्नड लिपी वाचता येत नाही. मजकूर आणि उच्चार दोन्ही सांगाल का?

उत्तर:

आधी मजकूर देतो. बंगळूरच्या ऑफिसात बोलतात तशी ही कन्नड आहे, भाषणातली नाही. सावकाश म्हटलं तरी अर्ध्या मिनिटात होतं, आणि उभ्याने, हातात ग्लास धरून एवढंच पुरे.

ऎल्लरिगू नमस्कार.
ननगॆ कन्नड स्वल्प स्वल्प बरुत्तॆ, तप्पिद्रॆ क्षमिसि.
रमेश् अवर जॊतॆ नाल्कु वर्ष कॆलस माडिदॆ. अवरिंद तुंबा कलितॆ.
रात्रि फोन् माडिद्रू सहाय माड्तिद्रु.
रमेश् अवरे, निम्मन्न तुंबा मिस् माड्कोतीवि.
निमगॆ ऒळ्ळेदाग्लि. होगि बन्नि. चियर्स्!

अर्थ असा: सगळ्यांना नमस्कार. मला कन्नड थोडं थोडं येतं, चुकलं तर माफ करा. रमेश सरांबरोबर चार वर्षं काम केलं. त्यांच्याकडून खूप शिकले. रात्री फोन केला तरी मदत करायचे. रमेश सर, तुमची आम्हाला खूप आठवण येईल. तुमचं भलं होवो. या जाऊन. शेवटी चियर्सच, ऑफिसात कन्नड माणसंही तेच म्हणतात.

वाक्यांची ठेवण मराठीसारखीच आहे, त्यामुळे पाठांतर सोपं जाईल. 'ननगॆ कन्नड बरुत्तॆ' म्हणजे शब्दाला शब्द 'मला कन्नड येतं'. 'कलितॆ', 'माडिदॆ' ही रूपं बाईने म्हटली काय आणि पुरुषाने म्हटली काय, तशीच राहतात.

आता उच्चार. व्यंजनांची काळजी करू नका. हिंदी माणसाची जीभ जिथे अडते तो ळ आपल्या घरचाच आहे. फक्त च आणि ज सांभाळा. 'जॊतॆ'मधला ज 'जनता'तला, 'जोर'मधला नाही. आपल्याकडे ज-पुढे ओ आला की जीभ आपसूक दातांकडे जाते, तिला तिथे जाऊ द्यायचं नाही.

खरी अडचण स्वरांची आहे. कन्नडमध्ये ए आणि ओ आखूडही असतात आणि लांबही. आखडासाठी मी उलट्या वळणाची मात्रा दिली आहे: कॆ, जॊ. नेहमीची मात्रा दिसली की स्वर लांब. आखूड ऎ कसा लागतो ते बघायचं तर 'एक' आणि 'एक्का' लागोपाठ म्हणा, 'एक्का'तला हवा. आखूड ऒ विदर्भातल्या 'पोट्टा'मध्ये सापडतो. तुमच्या मजकुरात याची खरी परीक्षा 'होगि' या शब्दाला आहे. तिथला हो लांबच हवा. तो आखडला आणि शेवटही घसरला, तर ऐकणाऱ्याला 'हॊगॆ' ऐकू येतं, आणि हॊगॆ म्हणजे धूर. शब्दाच्या सुरुवातीचा ऎ बोलताना 'यॆ'कडे झुकतो आणि ऒ 'वॊ'कडे. आपल्या गावाकडे 'येक' म्हणतात ना, तसंच. म्हणून आजूबाजूला 'यॆल्लरिगू', 'वॊळ्ळेदाग्लि' ऐकू आलं तर गोंधळू नका. तुम्हीही तसंच म्हणा, जास्त सहज वाटेल.

याहून मोठा घोळ शब्दांच्या शेवटी होतो, आणि तिथे मराठी माणूस हमखास ओळखू येतो. आपण दोन गोष्टी सवयीने करतो.

पहिली म्हणजे शेवटचा अ गिळतो. आपण 'कन्नड्', 'केलस्', 'अवर्' म्हणतो. कन्नडमध्ये तो अ पूर्ण उमटतो. 'केलं'च्या शेवटी जो स्वर येतो तोच घ्या, फक्त अर्ध्या लांबीचा. नमस्कार, कन्नड, स्वल्प, अवर, वर्ष, कॆलस, अवरिंद, सहाय, निम्मन्न या सगळ्यांच्या शेवटी तो आहे. जिथे नको, तिथे मी पाय मोडला आहे: रमेश्, फोन्, मिस्. घाईत कन्नड लोकही काही स्वर खातात, पण कुठले खायचे ते त्यांना माहीत असतं. आपण सगळे उच्चारलेले बरे.

दुसरी म्हणजे शेवटचे इ-उ लांबवतो. आपण लिहितो 'आणि' आणि म्हणतो 'आणी'. त्याच सवयीने 'नाल्कू', 'बन्नी', 'होगी' तोंडातून निघतं. कन्नडमध्ये हे चटकन तोडायचे असतात, कारण शेवटचा लांब ऊ बऱ्याचदा 'सुद्धा' किंवा 'तरी'चं काम करतो. तुमच्या चौथ्या ओळीत नेमकं तेच आहे. 'फोन् माडिद्रु' म्हणजे 'त्यांनी फोन केला'. 'फोन् माडिद्रू' म्हणजे 'फोन केला तरी'. इथला ऊ आखडला तर रात्री सरांनीच फोन केला असा अर्थ होतो आणि वाक्यातली सगळी गंमत जाते. उलट त्याच ओळीतला शेवटचा 'माड्तिद्रु' आखूडच हवा. म्हणजे एका ओळीत एक लांब, एक आखूड. सराव करायला एकच ओळ निवडायची असेल तर ही निवडा. 'माडिद्रू'वर किंचित थांबा, मग पुढे जा.

पाठ झालं की फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त शब्दांच्या शेवटाकडे लक्ष द्या. मग रमेश सर सोडून टीममधल्या एखाद्या कन्नड माणसाला चौथी ओळ ऐकवा आणि विचारा, फोन कोणी केला? उत्तर 'आपण' असं आलं तर जमलं. 'सरांनी' आलं तर ऊ अजून आखूड पडतोय.

आता मान राखण्याबद्दल. नावापुढे 'अवरु', त्याचंच 'अवर', 'अवरिंद'. हे बाईपुरुष दोघांनाही चालतं, त्यामुळे उद्या एखाद्या मॅडमचा निरोप असला तर फक्त नाव बदला. 'निमगॆ'च्या जागी 'निनगॆ' येऊ देऊ नका, ते 'तुला' झालं. पहिल्या चार ओळी सगळ्यांकडे बघून म्हणायच्या आहेत, कारण त्यांत सरांबद्दल बोलता. 'रमेश् अवरे'ला त्यांच्याकडे वळा. हा रे लांब, ही हाक आहे. आणि 'होगि' म्हणून श्वास घ्यायला थांबू नका. नुसतं 'होगि' म्हणजे 'जा', आणि निरोपाला आपणही कुणाला नुसतं जा म्हणत नाही. 'होगि बन्नि' एका दमात म्हणा.

एक गोष्ट आधी विचारून घ्या: सर कुठले? हुबळी-धारवाडकडचे असतील तर 'बन्नि'ऐवजी 'बर्रि' आणि 'तुंबा'ऐवजी 'भाळ' म्हणा. तिकडच्या माणसाला बंगळूरच्या जेवणात आपली बोली ऐकून जास्त बरं वाटेल, आणि तुमच्या जिभेलाही 'भाळ' सोपा आहे. म्हैसूर-मंड्याकडचे असतील तर वर दिलंय तेच ठेवा.

कागद हातात धरलात तरी हरकत नाही, पण शेवटची ओळ पाठ हवी. ग्लास आणि कागद दोन्ही सांभाळत 'ऒळ्ळेदाग्लि' नीट निघत नाही.