विमानतळावर अडकलेला वर आणि तिसरी रक्कम

"मॅडम, मँचेस्टरमधल्या एका डॉक्टरांशी माझं लग्न जवळजवळ ठरलं आहे. ते मला भेटायला आले आणि मुंबई विमानतळावर कस्टम्सनं त्यांना अडवलं. त्यांच्यासाठी मी दोनदा पैसे भरले, आज तिसऱ्यांदा मागितले आहेत. भाऊ म्हणतो, ही फसवणूक आहे. पण ते खरे असले तर? आणि आता थांबले तर आधीचे पैसेही बुडतील ना?"

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या बाईंना मेघना म्हणू या. नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. त्या कोथरूडला आईसोबत राहतात, चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत, घटस्फोटाला सहा वर्षे झाली आहेत आणि एका कंपनीच्या हिशेब विभागात पुरवठादारांची बिले तपासण्याचे काम करतात. हे मुद्दाम सांगते, कारण "शिकली-सवरलेली बाई अशी कशी फसते" हे वाक्य त्यांना घरातच ऐकावे लागले होते आणि त्यामुळेच दुसऱ्या वेळी पैसे भरताना त्यांनी कोणालाही विचारले नव्हते. अशा प्रकरणांत घरच्यांचा टोमणा फसवणाऱ्याच्या कामी येतो, हे मी पुनःपुन्हा पाहते.

विवाहसंस्थळावरील त्या प्रोफाइलमध्ये सगळे जुळणारे होते: मराठी आडनाव, अस्थिरोगतज्ज्ञ, विधुर, आठ वर्षांची मुलगी, घटस्फोटितेला हरकत नाही. ओळख झाल्यावर दोनच दिवसांत बोलणे संस्थळावरून व्हॉट्सॲपवर गेले. लहानपणीच परदेशात गेल्यामुळे मराठी येत नाही, असे त्याने सांगितले. व्हिडिओ कॉल एकदाच झाला, तोही अर्धा मिनिट, अंधुक आणि आवाजाविना. मात्र सकाळ-संध्याकाळ न चुकता संदेश येत, आईच्या गुडघेदुखीची चौकशी होई आणि एका व्यायामाचा कागदही पाठवला गेला. सहा आठवड्यांत त्याने एका पैशाचीही मागणी केली नाही. मेघनाताईंच्या मते हाच त्याच्या खरेपणाचा पुरावा होता. प्रत्यक्षात मोठी मागणी पेलेल इतका विश्वास बसेपर्यंत थांबणे हाच या गुन्ह्याचा पहिला आणि सर्वांत चिकाटीचा टप्पा असतो.

मग विमानाच्या तिकिटाचा फोटो आला आणि त्यानंतर एका सकाळी कस्टम्स अधिकारी म्हणवणाऱ्या बाईचा फोन आला. डॉक्टरांजवळ ८० हजार पौंडांचा डिमांड ड्राफ्ट सापडला असून तो सोडवण्यासाठी ३८,५०० रुपये क्लिअरन्स शुल्क लागेल, असे ती हिंदीत म्हणाली. मागून डॉक्टरांचा रडवेला आवाज ऐकवला गेला. ही रक्कम त्यांनी दहा मिनिटांत भरली. पाच दिवसांनी, म्हणजे माझ्याकडे येण्याच्या आदल्या संध्याकाळी, चलन नोंदणीच्या नावाखाली १,१२,००० रुपये मागितले गेले आणि तेही गेले. आता मनी लाँडरिंगविरोधी प्रमाणपत्रासाठी २,४५,००० रुपये हवे होते, दुपारी चारच्या आत, आणि त्यासाठी त्या मुदत ठेव मोडायला निघाल्या होत्या.

अशा वेळी "तो खरा की खोटा" या वादात मी शिरत नाही. सहा आठवडे ज्याच्याशी मन जोडले गेले, त्याच्याविरुद्ध मी बोलू लागले की समोरची व्यक्ती त्याची वकिली करू लागते आणि घड्याळ चारकडे सरकत राहते. म्हणून मी म्हटले, "माणसाबद्दल आपण नंतर बोलू. आधी तुमच्या ऑफिसात एखादे बिल तपासता तसे हे दोन व्यवहार तपासू या." त्यांनी बँकेचे ॲप उघडून खातेदारांची नावे वाचली. पहिली रक्कम एका राज्यातील एका पुरुषाच्या बचत खात्यात गेली होती आणि दुसरी दुसऱ्याच राज्यातील एका स्त्रीच्या खात्यात. मी विचारले, "पुरवठादार कंपनीने बिल पाठवले आणि पैसे तिसऱ्याच माणसाच्या बचत खात्यात मागितले, तर तुम्ही ते पास कराल का?" त्या बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मी ते परत पाठवीन."

यानंतर त्यांच्या मुख्य प्रश्नाकडे वळता आले. "खरा असला तर" ही भीती खोटी ठरवण्याऐवजी मी ती खरी धरून चालले. समजा, तो खरोखरच मुंबई विमानतळावर बसला आहे. आज आपण पैसे भरले नाहीत तर त्याचे काय बिघडेल?

भारतात येताना परकीय चलन कितीही आणता येते. नोटा पाच हजार डॉलरपेक्षा अधिक असतील, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून दहा हजार डॉलरपेक्षा अधिक होत असतील, तर ते एका अर्जावर जाहीर करावे लागते आणि त्या अर्जाला शुल्क नाही. एखाद्या वस्तूवर शुल्क लागू झालेच, तर ते प्रवासी स्वतः विमानतळावरच्या काउंटरवर भरतो आणि पावती घेतो. ज्याच्याजवळ ८० हजार पौंड आहेत त्याच्याजवळ स्वतःचे कार्डही असणारच. शुल्क भरायचे नसेल तर रीतसर जाहीर केलेली वस्तू कस्टम्सच्या ताब्यात ठेवून, देश सोडताना ती परत घेण्याची सोय कस्टम्स कायदा, १९६२ च्या कलम ८० मध्ये आहे. म्हणजे खरा डॉक्टर ड्राफ्ट तिथेच ठेवून रिकाम्या हाताने बाहेर पडू शकतो आणि टॅक्सी करून कोथरूडला चहाला येऊ शकतो. त्याने काही लपवून आणले असते, तर त्याचा निकाल लेखी नोटीस, सुनावणी आणि दंडाच्या आदेशाने लागला असता. यांपैकी कोणत्याही वाटेवर पुण्यातल्या एका बाईने अनोळखी माणसाच्या खात्यात पैसे भरण्याची पायरी येत नाही.

म्हणजे तो खोटा असेल तर पैसे भरल्याने नुकसान होणार आणि खरा असेल तर न भरल्याने त्याचे काहीच बिघडणार नव्हते. तो कोण आहे याचा निकाल त्या दुपारी लागण्याची गरज उरली नाही. मेघनाताईंनी मुदत ठेवीची पावती पर्समध्ये ठेवली. आधीच्या दीड लाखाचे म्हणाल, तर ते तिसरी रक्कम भरल्याने परत येणार नव्हते. ते मिळण्याची जी काही शक्यता होती ती वेळेवर अवलंबून होती.

म्हणून माझ्या खोलीतूनच आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला. तिथे मोठी कहाणी सांगायची नसते. रक्कम, तारीख, वेळ, आपली बँक आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक एवढे हाताशी हवे, कारण त्यावरूनच पैसे पुढे ज्या खात्यांत गेले असतील तिथे उरलेली रक्कम रोखण्याची सूचना बँकांना जाते. असे पैसे अनेकदा काही तासांतच खात्यांमागून खाती फिरून एटीएममधून काढले जातात, म्हणून आधी हा फोन आणि मग बाकीचे सगळे. त्यानंतर cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली आणि संध्याकाळी भावासोबत त्या पुणे शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात गेल्या. पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्यांसाठी पोलीस आयुक्तालय वेगळे आहे. चॅट पुसून टाकण्याची इच्छा त्यांना अनावर झाली होती. ती मी थांबवली, कारण प्रोफाइल, फोन क्रमांक, आवाजाचे संदेश आणि ते तिकीट हाच पुरावा होता. बँकेकडून भरपाईची आशा मात्र मी दाखवली नाही. ग्राहकाच्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांत जे संरक्षण होते, ते आपण स्वतः पाठवलेल्या पैशांना सहसा लागू होत नव्हते.

हेल्पलाइनचा फोन झाल्यावर त्यांनी त्याला एकच संदेश पाठवला: "मी मुंबईला निघाले आहे. शुल्क काउंटरवर स्वतः भरीन. टर्मिनल कोणते?" जायचे नव्हतेच, पण पुण्याहून चार तासांत गाठता येणाऱ्या जागेबद्दल हा प्रश्न स्वाभाविक होता. अडकलेला माणूस हे वाचून सुटकेचा निःश्वास टाकील. इथे आधी शिव्या आल्या, मग त्या अधिकारी बाईचा फोन आला की इथे आलात तर तुम्हालाही अटक होईल. भावाने आठवडाभर समजावून जे झाले नव्हते ते या उत्तराने झाले.

नंतरच्या भेटीत त्यांनीच विचारले की हे आधी कसे ओळखता आले असते. ब्रिटनमधील डॉक्टरांची नोंदवही जनरल मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. आम्ही ती पाहिली. त्या नावाचा डॉक्टर नव्हता. मात्र नाव सापडले असते तरी खात्री झाली नसती, कारण खऱ्या डॉक्टरचे नाव आणि फोटो चोरणेही सोपे असते. फोटोचा इंटरनेटवर शोध घेण्याला आणि व्हिडिओ कॉललाही हीच मर्यादा आहे. माझ्या मते भरवशाची तपासणी जुनीच आहे: आपल्या ओळखीचे कोणी तरी त्याला त्याच्या कामाच्या ठिकाणी जाऊन भेटणे. पुण्यातल्या बहुतेक कुटुंबांच्या नात्यागोत्यात परदेशी राहणारे कोणी ना कोणी असतेच. मेघनाताईंची मावसबहीण लीड्सला राहते, मँचेस्टरपासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर. तिला विचारायचे त्यांच्या मनात आले होते, पण "आत्ताच घरी सांगू नकोस, दृष्ट लागेल" असे त्याने सांगितले होते आणि त्यांना ते गोड वाटले होते. स्थळाबद्दल नातेवाइकांना सांगू नको असा आग्रह धरणारा मुलगा आपल्याकडे एरवी संशयास्पद ठरला असता.

पुढचे काही आठवडे पैशांपेक्षा अवघड गेले. आपण कोणासाठी रडतो आहोत, हे त्यांना कोणाला सांगता येत नव्हते, कारण तो माणूस नव्हताच. पण रोज सकाळी येणारा संदेश होता, आईची चौकशी होती आणि त्यातून पाहिलेला संसार होता. त्याचा शोक खराच असतो. भावाला मी वेगळे भेटले आणि "मी सांगत होतो" हे वाक्य त्याने निदान वर्षभर उच्चारू नये, असे स्पष्ट सांगितले. त्याने ते पाळले, याचे मला कौतुक आहे.

दुसऱ्या रकमेपैकी सुमारे ४० हजार रुपये पुढच्या एका खात्यात गोठवले गेले आणि न्यायालयाच्या आदेशानंतर परत मिळाले. पहिले ३८,५०० मिळाले नाहीत. ते पैसे येण्याआधीच त्यांना आणखी एक फोन आला होता. सायबर विभागातून बोलतो, तुमची पूर्ण रक्कम सापडली आहे, ती सोडवण्यासाठी १२ हजार रुपये प्रक्रिया शुल्क भरा, असे तो माणूस म्हणाला. फसलेल्यांची यादी पुढे विकली जाते किंवा तीच टोळी नवे सोंग घेते, हे मी त्यांना आधी सांगून ठेवले होते. त्यांनी पैसे कोणत्या खात्यात भरायचे ते विचारून घेतले, खातेदाराचे नाव लिहून घेतले आणि तो कागद तपास अधिकाऱ्यांकडे नेऊन दिला.