स्टेबल डिफ्यूजनमध्ये ‘वॉटरकलर’ लिहिलं की आजीच्या हनुवटीवरचा तीळ आणि आखूड केस गायब होतात. किती कंस घालायचे?

तिळाभोवती कंस चढवण्याआधी ‘वॉटरकलर’चं वजन, म्हणजे त्या शब्दाचा जोर, कमी करा. शैलीचा शब्द अख्ख्या चित्रावर पसरतो आणि तीळ चार पिक्सेलचा असतो, त्यामुळे नुसता जोर लावून तो जिंकत नाही. मी आत्याच्या फोटोवरून चित्रं काढताना शेवटी इथे थांबलो:

```
old woman, (short grey hair:1.2), (mole on chin:1.3), green saree, (watercolor:0.8)
```

स्टेबल डिफ्यूजन चालवायच्या ऑटोमॅटिक११११ या प्रोग्राममध्ये एका गोल कंसाने वजन १.१ पट होतं, दोन कंसांनी १.२१ पट. कंस मोजत बसण्यापेक्षा आकडा लिहिलेला बरा. शब्द सिलेक्ट करून Ctrl आणि वरचा बाण दाबलात तरी आकडा वाढतो.

एका चुकीत माझी अख्खी संध्याकाळ गेली. वजन कमी करायचं म्हणून मी `[watercolor:0.8]` असा चौकोनी कंस लिहिला. तिथे त्याचा अर्थ अगदी वेगळा होतो: ८० टक्के स्टेप झाल्यावर हा शब्द सुरू कर. चित्रात जलरंग जवळजवळ दिसेना, आणि मला वाटलं मॉडेलच बिघडलंय. पण हीच गोष्ट मुद्दाम वापरता येते. ३० स्टेप असतील तर `[watercolor:0.4]` लिहा. पहिल्या १२ स्टेपमध्ये चेहऱ्याची ठेवण आणि केसांचा आकार बसतो, मग रंग येतो. कम्फीयूआय या दुसऱ्या प्रोग्राममध्ये मात्र चौकोनी कंसाला हा अर्थ नाही.

आकडेही जसेच्या तसे इकडून तिकडे नेऊ नका. ऑटोमॅटिक११११ नेहमीच्या सेटिंगवर वजन लावून झालं की सगळ्या आकड्यांची सरासरी पुन्हा मूळ जागी आणतं. कम्फीयूआय तसं करत नाही, म्हणून तोच १.३ तिथे जास्त भडक लागतो. तिथे मी १.१५ पासून सुरुवात करतो.

सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, कायम ठेवा आणि एका वेळी एकच आकडा ०.१ ने हलवा, नाहीतर फरक वजनामुळे पडला की नशिबाने, ते कळणार नाही. माझ्याकडे १.४ च्या पुढे एकाचे तीन तीळ झाले, गालावरही आले, आणि कातडी जळल्यासारखी दिसू लागली. असं दिसलं की आकडा मागे घ्या.

आणि हो, कंसातल्या शब्दांना तुमचा फोटो दिसत नाही. ‘डाव्या बाजूचा तीळ’ असं कितीही वजन देऊन लिहिलंत तरी डावं-उजवं मॉडेल बहुतेक वेळा चुकवतंच. त्या एका तिळासाठी मी हनुवटीपुरतं इनपेंट करतो, म्हणजे तेवढाच भाग पुन्हा काढून घेतो, आणि तेवढ्या भागाच्या प्रॉम्प्टमधून ‘वॉटरकलर’ काढत नाही, नाहीतर ठिगळ दिसतं.