चार ओळींच्या मेसेजचं पत्र करताना

प्रिय बेटा,

तू मैत्रिणीला पाठवलेला मेसेज मला दाखवलास आणि म्हणालीस, "बाई, याचं नीट पत्र करून द्या ना." करून देणार नाही, पण कसं करायचं ते सांगते. मेसेज असा होता : "अगं तू खरंच पुण्याला जाऊन राहिली? खूप मिस करीन यार. टचमध्ये राहा. ऑल द बेस्ट."

हा मजकूर पुसू नकोस. घाईत लिहिलेला असला तरी पत्राचा क्रम त्यात तयार आहे. आधी धक्का आहे, मग आठवण, मग संपर्काचं बोलणं आणि शेवटी शुभेच्छा. तू नंतर वहीत जो खर्डा केलास, तो मात्र बाजूला ठेव. "पत्र लिहिण्यास कारण की" आणि "आपली मैत्री अतूट आहे" ही परीक्षेच्या सवयीने आलेली वाक्यं आहेत. तिथे तपासणाऱ्याला मायना, विषय, समारोप दिसायला हवा असतो. इथे वर उजवीकडे नागपूर आणि तारीख पुरे. "प्रिय"च्या पुढे हजेरीपटावरचं नाव लिहू नकोस, तू तिला ज्या नावाने हाक मारतेस ते लिही.

आता मेसेजचं एकेक वाक्य वहीत घे आणि त्याखाली लिही, हे टाइप करताना डोळ्यांसमोर काय होतं. "खरंच जाऊन राहिली?" म्हणताना काय दिसलं, असं मी फोनवर विचारलं, तेव्हा तू लगेच सांगितलंस : नववीचा निकाल घेऊन तुम्ही सायकल स्टँडवर आलात, ती कुलूप काढत होती आणि मान वर न करताच म्हणाली, "बाबांची बदली झाली." पत्राची सुरुवात तुला मिळाली. तुला किती वाईट वाटलं हे वेगळं सांगायला नको. कुलपाकडे बघत ती बोलली आणि तू ते लक्षात ठेवलंस, यातच तिला कळेल.

"मिस करीन"पाशी सगळ्यात जास्त थांब, कारण पत्र पातळ होतं ते इथेच. तू यादी दिलीस : फुटाळ्यावरची संध्याकाळ, तर्री पोहे, सीताबर्डीवरची खरेदी. नागपूरची कोणतीही मुलगी कोणत्याही मैत्रिणीला हे लिहू शकते. एक परीक्षा करून बघ. पत्रावरचं नाव झाकायचं आणि दुसऱ्या मैत्रिणीचं घालायचं. वाक्य तरीही चाललं तर ते काढून टाकायचं. फोनवर बोलता बोलता तू जे सांगून गेलीस ते या परीक्षेत टिकतं : मे महिन्यात ट्यूशनहून परतताना ती नेहमी तुझ्या उजव्या बाजूने सायकल चालवायची, कारण ट्रक जवळून गेला की तुझा हँडल डगमगतो. तोंडाला दुपट्टा बांधलेला, त्यामुळे बोलणं व्हायचं नाही, नुसती घंटी वाजवायची. ही एकच आठवण घे आणि तिला चार-पाच वाक्यांची जागा दे. बाकीच्या राहू देत.

मागच्या वर्षीच्या भांडणाचंही लिहायचं म्हणालीस. लिही, पण एका वाक्यात. "सॉरी"नंतर "पण" आला की समजायचं, आपण पुन्हा भांडायला लागलो. तो "पण" आणि त्यापुढचं सगळं खोडायचं.

"टचमध्ये राहा" हे वाक्य मला खटकलं. जिचं घर, शाळा, रस्ते सगळंच नवं होणार आहे, तिच्यावरच तू हे काम टाकते आहेस. ते तू स्वतःकडे घे. "रोज बोलू" असं मात्र लिहू नकोस. दोघींची दहावी आहे, हे आठवडाभरात मोडेल आणि मग दोघींनाही फोन करायला अवघड वाटेल. छोटं आणि नक्की ठरलेलं काहीतरी दे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, तुम्ही दोघी दरवर्षी इतवारीत ती बघायला जाता. त्या गर्दीतून तिला फोन लावीन, असं वचन दे. ते पाळता येईल, आणि तोवर पुण्यात तिचे दोन-अडीच महिने झालेले असतील, म्हणजे बोलायलाही भरपूर असेल.

"ऑल द बेस्ट"च्या जागी तिची नेमकी भीती लिही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात. तुझी सुट्टी चालू असतानाच ती नव्या वर्गात बसलेली असेल. तिथल्या मुली आपल्या बोलण्याला हसतील, असं तिला वाटतं ना? मग त्याबद्दलच बोल.

दुःख एका वाक्यात असू दे. "तुझ्याशिवाय मी कशी राहू" असं वाचून ती गाडीत बसल्या बसल्या काय करणार? तिच्या हातात त्यावर काहीच नाही. तिने जायचं ठरवलेलंही नाही.

तू सांगितलेलंच जोडून बघितलं, तर साधारण असं होतं :

"स्टँडवर कुलूप काढता काढता तू सांगितलं, तेव्हा मी 'बरं' म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही. घरी येऊन मेसेज केला, तोही धड नव्हता, म्हणून हे पत्र. ट्यूशनहून येताना तू नेहमी ट्रकच्या बाजूने राहायची. मी कधी म्हटलं नव्हतं, तुझं तूच ओळखलं होतं. तोंडाला दुपट्टा, बोलता येत नव्हतं, तर तू वळणाआधी दोनदा घंटी वाजवायची. आता त्या रस्त्याने मी एकटी येईन आणि मला ते खूप जड जाणार आहे. मागच्या वर्षी मी तुझ्याशी बोलणं बंद केलं होतं, त्याबद्दल सॉरी. तिकडे बोलायला घाबरू नको. 'काय करून राहिली' असंच बोल, ज्यांना तू आवडशील त्यांना तुझं बोलणंही आवडेल. मारबतीच्या दिवशी इतवारीतून फोन करीन, उचल. ता. क. तुझा कंपास माझ्याकडेच आहे."

बघ, हे मी जोडलं म्हणून थोडं माझ्यासारखं झालं आहे. तू लिहिताना मोठ्याने वाच. जिथे जीभ अडखळेल, तिथे तू तिच्याशी जशी बोलतेस तसं कर. "येऊन राहिली"चं "येत आहेस" करू नकोस, तिला परकं वाटेल. ता. क. मात्र ठेव. भरून आलेल्या मजकुरानंतर कंपासाची आठवण वाचून तिला जरा मोकळं वाटेल.

हाताने लिही, एका कागदात बसव, आणि फोटो काढून पाठवू नकोस. स्टेशनवरही देऊ नकोस. तिथे सामान, नातेवाईक, डबा शोधायची घाई, त्यात पाकीट आईच्या पर्समध्ये जाईल. आदल्या संध्याकाळी घरी जाऊन तिच्या हातात दे. वर लिही, "वर्धा गेल्यावर उघड." गाडी रात्रीची आहे, तोवर आईबाबा आडवे झाले असतील आणि तिला निवांत वाचता येईल.

तुझ्या मराठीच्या बाई