पगार कमी होत नाही, माणसे कमी होतात

प्रश्न: मागणी घटली की कंपन्या दहा टक्के माणसं का काढतात? त्यापेक्षा सगळ्यांचा पगार दहा टक्के कापला तर कोणाचीच नोकरी जाणार नाही ना?

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एचआर विभागात काम केले आहे आणि तुम्ही म्हणता तो हिशेब तिथे एकदा मांडूनही पाहिला होता. सोपे आकडे घेऊ. २०,००० रुपये पगाराचे १०० कामगार असतील, तर दोन्ही मार्गांनी महिन्याला २ लाखच वाचतात. पण एका भागाच्या खर्चात मजुरीचा वाटा १५ टक्के असेल, तर पगार दहा टक्के कापूनही तो भाग जेमतेम दीड टक्क्याने स्वस्त होतो, आणि गाड्याच खपत नसताना तेवढ्यासाठी कोणी जास्त माल उचलत नाही. म्हणजे पगार कापूनही दहा माणसांना काम नसतेच.

खरी अडचण मात्र त्यापुढची आहे. ट्रुमन ब्यूली या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९० नंतरच्या मंदीत ईशान्य अमेरिकेतल्या तीनशेहून अधिक व्यवस्थापक, कामगार नेते आणि रोजगार सल्लागारांना नेमके हेच विचारले. बहुतेक व्यवस्थापकांच्या उत्तराचा मथितार्थ असा, की काढलेला माणूस आपली नाराजी बरोबर घेऊन जातो, पण पगार कापलेला माणूस ती घेऊन रोज कामावर येतो. त्यातही ज्याला बाहेर सहज नोकरी मिळते तो कुशल कामगारच आधी निघून जातो. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनचे सेटिंग बिनचूक करणारा माणूस गेला, तर बाद मालाचे प्रमाण वाढून वाचलेले पैसे तिथेच जिरतात. माणसे कमी करताना निदान कोणाला ठेवायचे हे मालकाच्या हातात असते. (आपल्याकडे पहिली कुऱ्हाड बहुधा ठेक्याच्या कामगारांवर पडते, त्यामागे हेही एक कारण असते.)

कपात सरसकट अशक्य असते असे नाही. कंपनी तोट्यात आहे हे कामगारांना डोळ्यांनी दिसत असेल, तर ते ती सोसतात; २०२० च्या टाळेबंदीत अनेक ठिकाणी पगार कापले गेले, कारण तेव्हा कोणाला काही पटवून द्यावे लागले नाही. एरवी मात्र आकडा कमी झालेला माणसाला खपत नाही. कानमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महागाई नसताना केलेली ७ टक्के कपात ६२ टक्के लोकांना अन्यायकारक वाटली, पण महागाई १२ टक्के असताना दिलेली ५ टक्के वाढ ७८ टक्के लोकांनी चालवून घेतली, जरी पगाराच्या खरेदीशक्तीतली घट दोन्हीकडे जवळजवळ सारखीच होती. म्हणूनच आमच्याकडे कपातीची नोटीस कधी लागली नाही. आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग ठेक्याची माणसे गेली, आणि कायम कामगारांची वार्षिक वाढ दोन वर्षे थांबली, ज्यावर कुरकुर झाली पण एकही राजीनामा आला नाही.