आकाश निळं का दिसतं: तिसरी-चौथीसाठी तीन मिनिटांचं भाषण आणि दुधाची बाटली

प्रश्न: मी नववीत आहे. २८ फेब्रुवारीला शाळेत विज्ञान दिन आहे आणि मला तिसरी-चौथीच्या मुलांसमोर ‘आकाश निळे का दिसते’ यावर तीन मिनिटं बोलायचं आहे. पुस्तकातलं विकिरण त्यांना कळणार नाही. भाषण कसं लिहू? सोबत एखादा प्रयोग दाखवता येईल का?

उत्तर:

प्रयोग दाखवता येईल, आणि माझं ऐकशील तर भाषण त्या प्रयोगाभोवतीच बांध. मी बरीच वर्षं प्राथमिकच्या मुलांना विज्ञान शिकवलं. नुसतं बोलून हा विषय त्यांच्या गळी उतरल्याचं मला आठवत नाही. बाटलीत निळं दिसलं की मात्र पुढचं ती स्वतःच बोलायला लागतात.

सामान अगदी घरचं आहे. एक लिटरची गुळगुळीत पारदर्शक बाटली, पाणी, चहाच्या चमच्याभर दूध, ड्रॉपर आणि मोबाइलचा टॉर्च. बाटलीवरचं लेबल काढून टाक. दूध साय काढलेलं किंवा पाणचट घे, म्हशीचं दाट नको. दुधातले स्निग्धाचे थेंब मोठे असतात आणि ते सगळेच रंग सारखे उडवतात. निळेपणा येतो तो प्रथिनांच्या बारीक कणांमुळे, म्हणून साय जितकी कमी तितका रंग चांगला.

पाणी भरून बाटली उभी ठेव, खालून टॉर्च लाव आणि पाच-पाच थेंब दूध टाकून हलवत जा. दर वेळी थांबून बघायचं. काही वेळाने टॉर्चजवळचा भाग बाजूने बघितला तर फिकट निळसर दिसू लागतो आणि वर तोंडाकडे जाताना तोच प्रकाश पिवळट, मग नारिंगीसर होतो. तो टप्पा आला की थांब आणि किती थेंब लागले ते लिहून ठेव, म्हणजे त्या दिवशी अंदाजाने ओतावं लागणार नाही. घरी आदल्या रात्री करून बघच. खोलीत अंधार हवा आणि बाटलीमागे काळा कागद किंवा गडद ओढणी धरलीस तर निळा रंग उठून दिसतो.

मी पहिल्यांदा केला तेव्हा घाईत अर्धा कप दूध ओतलं. सगळं पांढरंफट्ट. मी ओशाळले, पण पुढच्या बाकावरचा एक पोरगा ओरडला, “बाई, ढग झाला!” अगदी बरोबर बोलला होता. ढगातले पाण्याचे थेंब हवेच्या रेणूंपेक्षा कितीतरी मोठे असतात. ते सगळे रंग सारखेच उडवतात, म्हणून ढग पांढरा. तेव्हापासून मी दुसरी बाटली मुद्दाम बिघडवून सोबत नेते. तूही ने.

आता भाषण. हे वाचून दाखवू नकोस, आपल्या शब्दांत बोल.

*“बालमित्रांनो, खिडकीतून वर बघा, पण सूर्याकडे नाही हं. आकाश कुठल्या रंगाचं? निळं. आता आपल्या वर्गातली हवा बघा. हिला रंग आहे का? नाही ना? पण वर जे आकाश दिसतंय तिथेही हीच हवा आहे. तिथे निळं छत नाही की कुणी निळा पडदा टांगलेला नाही. मग हा निळा रंग आला कुठून?*

*तो आला उन्हातून. ऊन पांढरं दिसतं, पण त्यात सगळे रंग लपलेले असतात. इंद्रधनुष्यात ते बाहेर येतात. म्हणा बरं माझ्याबरोबर: ता, ना, पि, हि, नि, पा, जा! तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. प्रकाश लाटांसारखा येतो. तांबड्याच्या लाटा लांब, निळ्या-जांभळ्याच्या आखूड.*

*आता एक तळं डोळ्यांसमोर आणा. पाण्यात लव्हाळ्याच्या काड्या उभ्या आहेत. एक मोठी लांब लाट आली तर ती काड्यांना विचारतसुद्धा नाही, सरळ पुढे जाते. पण बारीक तरंग आले तर ते काडीला अडतात आणि तिच्याभोवती गोल गोल पसरतात.*

*हवेतही असंच होतं. हवा इवल्या इवल्या कणांची बनलेली आहे. त्यांना रेणू म्हणतात. तांबडा प्रकाश त्यांच्यातून बहुतेक सरळ निघून येतो. निळा प्रकाश मात्र त्यांना अडतो आणि चहूकडे उडतो. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. म्हणून आपण आकाशात कुठेही बघितलं तरी तिकडून थोडा निळा प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो.*

*ही बाटली बघा. पाण्यात दुधाचे थोडेसे थेंब आहेत. हा टॉर्च म्हणजे सूर्य. बाजूने कसं दिसतं? निळसर. हे आपलं दुपारचं आकाश. आता वरच्या टोकाला बघा. नारिंगी! ही संध्याकाळ. संध्याकाळी सूर्य खाली असतो, म्हणून त्याचं ऊन हवेतून तिरकं, खूप लांबून येतं. वाटेत निळा रंग इकडेतिकडे सांडून जातो आणि आपल्यापर्यंत पोहोचतो तो नारिंगी आणि तांबडा. आणि ही दुसरी बाटली? हिच्यात दूध जास्त झालं. हा झाला ढग!*

*शेवटचा प्रश्न. चंद्रावर हवा नाही. मग तिथे भर दिवसा आकाश कसं दिसेल? काळं! चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांच्या फोटोंत जमिनीवर लख्ख ऊन आहे आणि वर आकाश काळंकुट्ट.”*

‘काळं’ हे उत्तर तू सांगू नकोस, मुलांकडून येऊ दे. थोडा वेळ शांतता झाली तरी चालेल.

लव्हाळ्याचं उदाहरण ताणू नकोस. तळ्यातली काडी आणि तरंग यांच्या आकारात फार फरक नसतो. हवेचा रेणू मात्र निळ्या प्रकाशाच्या लाटेपेक्षाही हजारपटींहून लहान असतो, म्हणजे लाट रेणूवर ‘आपटते’ असं खरं तर होत नाही. लाट जाताना रेणूतल्या विद्युतभारांना हलवते आणि हललेले भार तोच प्रकाश सगळीकडे पुन्हा सोडतात. लाट जितकी आखूड तितकी ही हालचाल भराभर, आणि बाहेर पडणारा प्रकाशही तितका जास्त. तुझ्यासाठी म्हणून हिशेब सांगते: तरंगलांबी निम्मी केली तर उडणारा प्रकाश दुप्पट होत नाही, सोळापट होतो. निळ्याची तरंगलांबी ४५० नॅनोमीटर आणि तांबड्याची ६५० धरली, तर ६५० ला ४५० ने भागून येतं साधारण १.४४. त्याचा चौथा घात केला की चारच्या थोडं वर. म्हणजे निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून जास्त उडतो. तिसरीच्या मुलांपुढे यातलं काही काढू नकोस, पण सर-बाई पुढच्या रांगेत बसलेले असतात आणि एखाद्याला विचारायची हुक्की येते.

त्यांच्याकडून हमखास येणारा दुसरा प्रश्न: मग जांभळं का दिसत नाही, त्याची लाट तर आणखी आखूड? उडतो जांभळा जास्तच. पण उन्हात तो निळ्यापेक्षा कमी असतो, त्यातला काही वरच्या हवेत शोषला जातो आणि आपल्या डोळ्यांना जांभळा फार मंद जाणवतो. आकाशातून येणाऱ्या या सगळ्या मिश्रणाला डोळा फिकट निळा म्हणतो.

आता ज्या चुकीमुळे मी दरवर्षी मनातल्या मनात चरफडायचे ती सांगते. विज्ञान दिन आहे म्हणून भाषणात रामन येतात, आणि बघता बघता ‘आकाश निळं का दिसतं हे सी. व्ही. रामन यांनी शोधलं’ असं वाक्य पडतं. तसं नाही. आकाशाच्या निळ्याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये मांडलं, तेव्हा रामन यांचा जन्मही झाला नव्हता. ते १८८८ चे. रामन यांचा संबंध आहे तो समुद्राच्या निळ्याशी. रॅले यांचं मत असं होतं, की खोल समुद्राचा निळा रंग म्हणजे पाण्यात पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब. १९२१ मध्ये इंग्लंडहून नारकुंडा बोटीने परतताना रामन यांनी निकोल प्रिझममधून भूमध्य समुद्र बघितला. हा प्रिझम विशिष्ट कोनात धरला की पाण्यावरची चमक, म्हणजेच ते प्रतिबिंब, कापली जाते. प्रतिबिंब गेलं तरी पाणी निळंच, उलट जास्त गडद. म्हणजे पाण्याचे रेणूही प्रकाश उडवतात. याबद्दलचं पत्र त्यांनी ‘नेचर’ला पाठवलं ते मुंबई बंदरातून. समुद्राच्या निळ्यात पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतं याचाही मोठा वाटा आहे, पण प्रतिबिंबाची गोष्ट तिथे मागे पडली. लोक मात्र अजूनही ती उलटी फिरवून ‘आकाशात समुद्राचं प्रतिबिंब पडतं’ असं सांगतात. नागपूरच्या मुलाला विचार, त्याच्या डोक्यावर कुठला समुद्र आहे ते.

२८ फेब्रुवारी १९२८ चा रामन परिणाम त्याच्या पुढचा. त्यात उडालेल्या प्रकाशाच्या अगदी थोड्या भागाची तरंगलांबीच बदलते. आकाशात तसं काही होत नाही, तिथे रंग बदलत नाहीत, त्यांची वाटणी होते. भाषणात रामन हवेच असतील तर सुरुवातीला एका वाक्यात बोटीची गोष्ट सांग आणि पुढे चल.

आणखी एक अडचण आधीच सांगते. फेब्रुवारीअखेर दुपारी आपल्याकडे आकाश धुरकट असतं. ‘वर बघा’ म्हणालीस आणि एखादी चिमुरडी म्हणाली “ताई, पांढरं दिसतंय”, तर तिला गप्प करू नकोस. हवेत धूळ आहे, धुळीचे कण मोठे आहेत, तुझी दुसरी बाटलीच ती. पावसाने हवा धुऊन काढल्यावर ऑक्टोबरात तेच आकाश किती गडद होतं ते त्यांना आठवायला सांग. शिवाय डोक्यावर बघून मग क्षितिजाकडे बघायला लाव. क्षितिजाकडे हवेचा थर जाड असतो, प्रकाश पुन्हा पुन्हा उडतो आणि रंग फिकटतो.

कार्यक्रम मैदानात असेल तर बाटली कुणालाच दिसणार नाही. मुख्याध्यापकांना आधीच सांगून खिडक्या बंद होतील असा वर्ग माग आणि पंधरा-वीस मुलांचे गट आत सोड. आणि बक्षीस समारंभ संपेपर्यंत बाटल्या तशाच ठेवू नकोस. दुपारपर्यंत दूध नासतं. एका वर्षी आमच्या प्रयोगशाळेला आठवडाभर वास येत होता.