सोडलेल्या सतरा प्रश्नांचा हिशेब

प्रश्न: माझी बहीण यंदा नीट देणार आहे. क्लासमध्ये सांगतात, "शंका आली की प्रश्न सोडून द्या, निगेटिव्ह मार्किंग असतं." हे बरोबर आहे का? तुक्का कधी मारावा?

उत्तर:

साफ चूक आहे. मी हा सल्ला तंतोतंत पाळला आणि पाऊण गुणाने घरी बसले, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतेय.

माझी परीक्षा नीट नव्हती, यूपीएससीची प्रीलिम्स होती. १० ऑक्टोबर २०२१. पहिल्या पेपरला १०० प्रश्न, बरोबर उत्तराला २ गुण, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश वजा, म्हणजे ०.६६. आमचे अण्णा गणिताचे शिक्षक होते, निवृत्त झालेत. दहावीच्या पोरांना फासे आणि नाणी उडवून संभाव्यता शिकवायचे, पण घरात त्यांचा नियम एकच होता: "येत नाही ते लिहायचं नाही. तुक्का हा जुगार आहे." मी त्यांचीच मुलगी. ६२ प्रश्न सोडवले आणि ३८ कोरे ठेवून ताठ मानेने बाहेर आले.

४८ बरोबर आले, १४ चुकले. ९६ मधून ९.२४ गेले, उरले ८६.७६. खुल्या गटाचा कटऑफ लागला ८७.५४.

तो आकडा मी कित्येक दिवस नुसता बघत बसायचे. मग एकदा वहीत उलटा सोडवला. एकही प्रश्न रद्द झालेला नाही असं धरलं, तर ८७.५४ ही बेरीज एकाच प्रकारे जमते: ५४ बरोबर आणि ३१ चूक. म्हणजे त्या रेषेवर उभा असलेला जो कोणी होता, त्याने ८५ प्रश्न सोडवले होते. माझ्या दुपटीहून जास्त चुका केल्या होत्या. आणि तो आत होता.

आता वजाबाकी नेमकं काय करते ते बघा. एक तृतीयांश वजा म्हणजे तीन चुका मिळून एक बरोबर उत्तर खातात. डोळे मिटून चारपैकी एक पर्याय ठोकला तर सरासरी चारात एक बरोबर, तीन चूक. मिळालं तेवढंच गेलं, हिशेब शून्य. ही वजाबाकी तुक्का मारणाऱ्याला शिक्षा करत नाही, फक्त त्याला फुकटचं काही मिळू देत नाही. पण एक पर्याय खात्रीने खोडता आला की तीनात एक बरोबर आणि दोन चूक. २ मिळाले, १.३२ गेले. तीन प्रश्नांमागे ०.६८ हातात. दोन पर्याय खोडता आले तर दोन प्रश्नांत एक बरोबर, एक चूक, म्हणजे १.३४ हातात. यात जुगार कुठे आहे? खोडलेला पर्याय हासुद्धा अभ्यासच असतो. कोरा प्रश्न सोडून आपण तो अभ्यास फुकट घालवतो.

अण्णांना हे पटलं नाही. "सगळं पुस्तकी. तुझा काय हिशेब होता ते सांग." मग आयोगाची अधिकृत उत्तरसूची आल्यावर मी प्रश्नपत्रिका काढली. नको ते पर्याय पेन्सिलने खोडायची माझी सवय. ३८ कोऱ्या प्रश्नांपैकी १७ प्रश्नांत दोन पर्याय खोडलेले होते, दोन उरलेले. उत्तरसूचीशी ताडून पाहिलं. १७ पैकी १३ प्रश्नांत बरोबर उत्तर उरलेल्या दोनांतच होतं, ४ प्रश्नांत मी बरोबर उत्तरच खोडून टाकलं होतं.

म्हणजे मी १७ ही ठोकले असते, तर चार नक्की चुकणार होते आणि तेरा ठिकाणी छापा-काटा होता. सरासरी साडेसहा बरोबर, साडेदहा चूक. १३ मिळाले असते, ६.९३ गेले असते. निव्वळ सहा गुण, आणि मला हवा होता पाऊण. तेवढ्यासाठी तेरा वेळा नाणं उडवून पाच छाप पडले तरी पुरलं असतं. हे शंभरात साधारण ८७ वेळा घडतं. ते शंभरावेळा घडवता येत नाही, एकदाच घडतं हे मला कळतं, आणि उरलेल्या १३ वेळा मी तरीही नापासच झाले असते. सरासरी म्हणजे हमी नव्हे.

इथे अण्णा माझ्या अभ्यासिकेतल्या एका मित्राचं नाव काढतात, तेव्हा तेही सांगून टाकते. त्याने ९६ प्रश्न सोडवले, ४९ बरोबर, ४७ चूक. माझ्याहून एक उत्तर जास्त बरोबर येऊनही त्याचे गुण झाले ६६.९८. त्याचा घोळ तुक्क्यात नव्हता, खोडण्यात होता. दोन पर्याय उरवल्यावर बरोबर उत्तर त्या दोनांत निम्म्याहून जास्त वेळा असेल तरच फायदा. बरोबर निम्म्या वेळा असेल तर डोळे मिटून ठोकण्यात आणि यात फरक नाही. निम्म्याहून कमी असेल, तर तुमचं अर्धवट ज्ञान तुम्हाला खड्ड्यात घालतंय. प्रश्न काढणारे काही झोपलेले नसतात, अर्धवट माहिती असलेल्याला ओढतील असेच पर्याय ते ठेवतात.

तुमच्या बहिणीचं सांगायचं राहिलंच. नीटला बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला १ वजा, म्हणजे एक बरोबर उत्तर खायला चार चुका लागतात. हिशेब यूपीएससीहून सैल आहे. काहीच न कळता ठोकलं तरी प्रश्नामागे सरासरी पाव गुण सुटतो, आणि दोन पर्याय नीट खोडले तर दीड. उरवलेल्या दोनांत बरोबर उत्तर पाचात दोनदापेक्षा जास्त सापडत असेल, तर सोडायचं कारणच नाही. सराव पेपरांत असे "दोनावर अडकलेले" प्रश्न तिला वेगळी खूण करून ठेवायला सांगा आणि निकाल लागल्यावर तेवढेच मोजा. असे पन्नासेक प्रश्न जमले की तिचा स्वतःचा आकडा दिसेल. क्लासवाल्यांना तो माहीत नसतो, मलाही नाही.

मी तो १७ प्रश्नांचा कागद अण्णांपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. चूक कबूल करतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "ते चार कुठले?"

चारपैकी तीन विधानांचे प्रश्न होते. विधानात "फक्त" किंवा "सर्व" दिसलं की ते चूक समजून खोडायचं, असं आम्हाला क्लासमध्ये शिकवलं होतं. तिन्ही विधानं बरोबर होती.